पालकांचा पिन, मुलाचा डाव

ऑनलाइन जुगारातील वयाची अट कागदपत्राला लागू होते, फोन हातात धरणाऱ्या व्यक्तीला ती लागू होत नाही. त्यामुळे अठरा वर्षांखालील मुलगा आईचे आधार कार्ड, वडिलांचे बँक खाते आणि घरातला फोन एवढ्या बळावर कोणत्याही तपासणीतून सहज पार होतो. हा प्रश्न कंपन्यांच्या बेपर्वाईपुरता किंवा मुलांच्या बिघडण्यापुरता मांडला, तर पालकांच्या हाती धडपणे करण्यासारखे काही उरत नाही. तपासणी नेमकी कोठे थांबते आणि पैसा घरातून नेमका कोणत्या वाटेने जातो हे समजले, तर मात्र बरेच काही करता येते.

पुण्याच्या स्वारगेट, मुकुंदनगर, गुलटेकडी या पट्ट्यात ही वाट समजून घेण्याची गरज अधिक आहे, कारण मार्केट यार्डातील व्यापारावर किंवा रस्त्यालगतच्या लहान दुकानावर चालणाऱ्या घरात एकाच फोनवर धंद्याची जमा, कुटुंबाचे बचत खाते आणि मुलांच्या क्लासचा ग्रुप असे सगळे एकत्र नांदते. दिवसाला पन्नास लहानमोठे व्यवहार होणाऱ्या खात्यातून दोनशे रुपये गेले, तर ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत.

महाराष्ट्रात या वाटेचे बहुचर्चित उदाहरण ऑगस्ट 2021 मध्ये मुंबईच्या जोगेश्वरीत घडले. सोळा वर्षांच्या एका मुलाने आईच्या बँक खात्यातून पबजी या खेळावर सुमारे 10 लाख रुपये खर्च केले होते. ते उघडकीस आल्यावर आईवडील रागावले, तेव्हा तो चिठ्ठी लिहून घरातून निघून गेला आणि पोलिसांनी शोध घेतल्यानंतर अंधेरीच्या महाकाली लेण्यांच्या परिसरात सापडला. तो खर्च खेळातील चलन आणि खेळाचे ‘आयडी’ यांवर झाला होता, म्हणजे रूढ अर्थाने तो जुगार नव्हता. परंतु पालकाचे खाते, मुलाचा हात, लहान रकमांची लागलेली रांग, उशिरा झालेला उलगडा आणि रागावण्यानंतरचा धोका, हे सर्व घटक जुगाराच्या प्रकरणांतही याच क्रमाने येतात.

वयाच्या तपासणीला व्यवहारात केवायसी म्हणतात, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवणे. पॅन किंवा आधार क्रमांक खरा आहे का आणि त्यावरील जन्मतारखेनुसार ती व्यक्ती प्रौढ आहे का, एवढेच त्यात पाहिले जाते. ती प्रौढ व्यक्तीच खेळत आहे का, हे पाहिले जात नाही. शिवाय ही तपासणी कधी होते यालाही महत्त्व आहे. ब्रिटनमध्ये 7 मे 2019 पासून वय पटल्याशिवाय खात्यात पैसे भरूच देता येत नाहीत. त्याआधी त्यासाठी 72 तासांची सवलत होती आणि तेवढ्या अवधीत अल्पवयीन मूल पैसे लावू शकत असे. भारतात पैशांच्या खेळांत अनेक ठिकाणी ओळखपत्र मागितले जाई ते जिंकलेली रक्कम काढताना. हरणाऱ्या मुलावर रक्कम काढण्याची वेळच येत नसल्याने त्याचे वय कोणी विचारतही नसे.

संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे सर्वच ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, निषिद्ध ठरवले. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर त्यांची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. कायदा संमत होताच देशातील मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले, ही जमेची बाजू आहे. परंतु परदेशातून चालणारी संकेतस्थळे, टेलिग्रामवरून पाठवली जाणारी ॲप आणि व्हॉट्सॲपवर ‘आयडी’ देणारे बुकी पूर्वीही कोणाचे वय विचारत नव्हते आणि आजही विचारत नाहीत. त्यामुळे ज्यांच्याकडे थोडीफार तपासणी होती ते दूर झाले आणि ज्यांच्याकडे ती अजिबात नाही ते मुलांसमोर उरले.

काही ब्रिटिश बँकांत ग्राहकाला स्वतःच्या खात्यावरून जुगाराचे व्यवहार रोखून ठेवता येतात, कारण कार्डाच्या व्यवहारात दुकानदाराच्या धंद्याचा संकेतांक असतो आणि सट्टेबाजीचा संकेतांक 7995 हा आहे. बेकायदा सट्ट्यात मात्र पैसे ‘म्यूल’ खात्यांत जातात, म्हणजे कमिशनसाठी दुसऱ्याला वापरायला दिलेल्या सामान्य माणसाच्या खात्यात. बँकेला तेथे जुगार दिसत नाही, एका व्यक्तीने दुसरीला पाठवलेले पाचशे रुपये दिसतात. म्हणून आज बंदोबस्ताची पहिली जागा घर हीच ठरते.

घरातील बहुतेक पालकांची समजूत अशी असते की यूपीआयचा पिन मुलाला ठाऊक नाही, म्हणजे खाते सुरक्षित आहे. ही समजूत तीन ठिकाणी अपुरी पडते. पहिले ठिकाण यूपीआय लाइटचे: लहान रकमा झटपट देता याव्यात म्हणून फोनमध्ये वेगळ्या काढून ठेवलेल्या या शिलकीतून एका वेळी 1,000 रुपयांपर्यंतची रक्कम पिनशिवाय जाते, शिलकीची कमाल मर्यादा 5,000 रुपये असते आणि ती आपोआप पुन्हा भरण्याची सोय चालू असेल, तर गेलेली रक्कम लक्षातही येत नाही. दुसरे ठिकाण बोटाच्या ठशाचे: फोन उघडण्यासाठी कौतुकाने नोंदवलेला मुलाचा ठसा हा त्या फोनच्या लेखी मालकाचाच ठसा असतो आणि ऑक्टोबर 2025 पासून यूपीआयमध्ये लहान रकमांसाठी पिनऐवजी ठसा किंवा चेहरा वापरण्याची मुभा आली आहे.

तिसरे ठिकाण सर्वांत दुर्लक्षित आहे. पिन विसरल्यास तो नव्याने ठरवता येतो आणि त्यासाठी डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत आणि त्याच फोनवर येणारा ओटीपी लागतो. काही बँका कार्डाचा पिनही विचारतात, तर आधारच्या मार्गाने कार्डाचीही गरज उरत नाही. ज्याच्या हातात फोन आहे आणि ज्याला कपाटातील पाकीट ठाऊक आहे, त्याला जुना पिन माहीत असण्याची गरजच नसते. पालकाचा नेहमीचा पिन एके दिवशी अचानक चुकीचा ठरू लागला, तर ‘आपणच विसरलो’ असे म्हणून तो पुन्हा बदलण्याआधी खात्याचा उतारा पाहावा.

हा उतारा, म्हणजे स्टेटमेंट, हाच खरा पुरावा असतो, कारण फोनवरील एसएमएस पुसता येतात आणि सूचना बंद करता येतात, बँकेच्या उताऱ्यातील ओळ मात्र कोणाला काढता येत नाही. सहा महिन्यांचा उतारा काढून त्यात तीन खुणा शोधाव्यात: थोड्या मिनिटांच्या अंतराने गेलेल्या 100, 200, 500 अशा ठोक रकमा, घेणाऱ्यांची दर वेळी बदलणारी अनोळखी नावे, आणि मधूनच अनोळखी खात्यांतून आलेल्या लहान रकमा. एकेक खूण निरुपद्रवी असू शकते, परंतु तिन्ही एकत्र दिसल्या तर संशयाला आधार मिळतो.

रकमांच्या चढत्या क्रमाचाही एक अर्थ असतो. लाल की हिरवा असा रंग ओळखण्याच्या खेळात हरल्यावर रक्कम दुप्पट करावी, म्हणजे एका विजयात सगळे भरून निघते, असे मुलांना शिकवले जाते. शंभर रुपयांपासून सुरुवात करून सलग सात डाव हरल्यास 100, 200, 400, 800, 1,600, 3,200 आणि 6,400 मिळून 12,700 रुपये जातात, एका डावाला मिनिट धरले तरी हे दहा मिनिटांच्या आत घडते, आणि आठव्या डावासाठी 12,800 रुपये लागतात, ते केवळ 100 रुपये नफ्यात येण्यासाठी. ही बेरीज मुलासमोर कागदावर मांडणे हे उपदेशापेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण आपण दुर्दैवी नव्हतो, ही रचनाच अशी आहे, हे त्याला त्यातून दिसते. उताऱ्यात आलेली जमाही दुर्लक्षिण्याजोगी नसते. म्यूल खात्यातून आलेला पैसा एखाद्या सायबर गुन्ह्यातला निघाला, तर परराज्यातील तक्रारीवरूनही पालकाचे खाते गोठवले जाऊ शकते आणि धंद्याचे खाते तेच असेल, तर व्यवहार ठप्प होतो.

उलगडा झाल्यावर पालकांनी कोणत्या क्रमाने वागावे, हा प्रश्न त्यामुळे निकडीचा ठरतो. आधी मुलाला सुरक्षित करावे, मग खात्याला. त्या रात्री त्याला एकटे सोडू नये, नातेवाइकांसमोर उभे करू नये आणि एकच प्रश्न शांतपणे विचारावा की अजून कोणाचे देणे आहे का. कारण घरातून गेलेल्या रकमेपेक्षा मित्राकडून वा एजंटाकडून घेतलेली उधारी मुलाला अधिक घाबरवत असते. तो हताशपणे बोलू लागला, किंवा त्याची झोप, अभ्यास आणि भूक बिघडली, तर 14416 या टेलि-मानस क्रमांकावर विनामूल्य मानसिक आधार मिळतो. जुगाराची अनावर ओढ हा जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात नोंदलेला विकार आहे, तेव्हा ही मदत घेण्यात लाज नाही.

त्यानंतर पिन बदलावा, मुलाचा ठसा फोनमधून काढावा, यूपीआय लाइटमधील शिल्लक खात्यात परत घेऊन ती सोय बंद करावी, डेबिट कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद ठेवावेत आणि धंद्याचे खाते घरात सगळ्यांच्या हाती फिरणाऱ्या फोनवरून काढून घ्यावे. मुलाचे पैसे पूर्णपणे बंद करणे मात्र हिताचे नाही, कारण त्यातून तो पुन्हा उधारीकडे वळतो. यूपीआय सर्कल या सोयीत घरातील दुसऱ्या व्यक्तीने मागितलेल्या प्रत्येक रकमेला खातेदाराच्या मंजुरीची अट ठेवता येते आणि त्यामुळे व्यवहार उघड राहतो.

गेलेल्या पैशांबाबत पालकांनी स्वतःची फसवणूक करून घेऊ नये. योग्य पिनने झालेला व्यवहार बँक अधिकृत मानते, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार पिन वा कार्डाची माहिती खातेदाराच्या निष्काळजीपणाने दुसऱ्याच्या हाती गेली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान खातेदारालाच सोसावे लागते. म्हणून कळवण्यात एक दिवसही दवडू नये. पैसे परत मिळावेत म्हणून ‘अज्ञात चोराने खाते रिकामे केले’ अशी खोटी तक्रार देऊ नये. तिचा तपास शेवटी घरातल्या फोनपर्यंतच येतो. खरी हकीकत सांगून 1930 या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in येथे तक्रार करावी आणि तीत प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक द्यावा, कारण त्यावरूनच म्यूल खाते गोठवता येते. नव्या कायद्याने खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरवलेले नाही, त्यामुळे मुलाच्या काळजीपोटी ही तक्रार दडपून ठेवण्याचे कारण नाही.

राहिलेले देणे पालकांनी गुपचूप भरून विषय संपवला, तर मुलाच्या दृष्टीने एक मोठा डाव वसूल झाल्यासारखे होते; सगळा भार त्याच्यावर टाकला, तर तो वसुलीसाठी पुन्हा डावाकडेच जातो. पालकांनी देणे भागवावे, त्यातील ठरावीक लहान हिस्सा मुलाने आपल्या खर्चाच्या पैशांतून दरमहा फेडावा आणि त्याच दिवशी दोघांनी मिळून खात्याचा उतारा वाचावा, हा मध्यममार्ग टिकण्याजोगा आहे. कागदपत्राचे वय तपासणारी यंत्रणा मुलाला ओळखू शकत नाही. दरमहा त्याच्यासोबत उतारा वाचणारा पालक ओळखू शकतो, आणि ही सवय उलगड्याची वाट न पाहता याच महिन्यापासून लावून घेता येते.