एकोणनव्वदीपर्यंतचा रोड टॅक्स

बरेच दिवसांत इथे काही लिहिले नाही. पुण्याहून नणंदेचा फोन आला, "वहिनी, ब्लॉग बंद केलास की काय?" बंद नाही केला हो, गाडी घेण्याच्या भानगडीत अडकले होते. आणि त्या भानगडीत जो एक कागद हाती आला, त्यानेच आज लिहायला बसवले आहे.

आमची जुनी गाडी २०१० साली घेतलेली. माझ्या निवृत्तीनंतरची. पंधरा वर्षांत ती ३८ हजार किलोमीटर चालली, म्हणजे बाजार, दवाखाना, वर्षातून दोनदा कोल्हापूर आणि कुणाकुणाची लग्ने. नोंदणीची पंधरा वर्षे संपली. पुढच्या पाच वर्षांसाठी फेरनोंदणी करायची तर तपासणी, शुल्क, पर्यावरण कर आणि शिवाय खालचा पत्रा गंजलेला. ह्यांनी हिशोब मांडला आणि म्हणाले, नवी घेऊ, छोटीच घेऊ.

शोरूममधल्या मुलाने दोन मॉडेल्स दाखवली. एक ९ लाख ९५ हजारांचे, दुसरे १० लाख ५ हजारांचे. "काकू, फक्त दहा हजारांचा फरक आहे, वरचंच घ्या. मागे कॅमेरा मिळतो." मी त्याला दोन्हींची ऑन-रोड किंमत लिहून द्यायला सांगितले. बी.ए. मी मराठी माध्यमातून केले आणि गणित हा काही माझा विषय नव्हता, पण चौतीस वर्षे वर्गाच्या फीचे हिशोब ठेवले आहेत, बेरीज तपासल्याशिवाय कागद खाली ठेवता येत नाही. फरक दहा हजारांचा नव्हता, एकवीस हजारांच्या वर होता!

झाले होते असे. आपल्या महाराष्ट्रात स्वतःच्या नावावर पेट्रोलची गाडी घेतली, की १० लाखांपर्यंत किमतीच्या ११ टक्के रोड टॅक्स, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यापुढे १३. डिझेलला प्रत्येक पायरीवर दोन टक्के जास्त. सीएनजीला कमी, मात्र तिथेही १ जुलै २०२५ पासून एक टक्का वाढवला. आता खुबी बघा. दहा लाखांची रेघ ओलांडली की वाढीव दर फक्त वरच्या पाच हजारांवर लागत नाही, अख्ख्या किमतीवर लागतो. ९,९५,००० चे ११ टक्के म्हणजे १,०९,४५०. १०,०५,००० चे १२ टक्के म्हणजे १,२०,६००. दहा हजारांच्या कॅमेऱ्यापायी ११,१५० रुपये कर जास्त! इन्कम टॅक्समध्ये पायरी ओलांडली तर वरच्या रकमेवरच वरचा दर लागतो, हे शाळेतल्या शिपायालाही माहीत होते. इथे मात्र पायरी नाही, कडाच आहे. आणि ही किंमत म्हणजे जीएसटी धरून झालेली एक्स-शोरूम किंमत. म्हणजे एका करावर दुसरा कर.

आम्ही अर्थातच खालचे मॉडेल ठरवले. (कॅमेरा कशाला, मागे बघायला मी असतेच.) पण ते एक लाख नऊ हजार चारशे पन्नास काही डोक्यातून जाईनात. मी त्या मुलाला विचारले, "हा कर किती वर्षांचा?" तो म्हणाला, "लाइफटाइम, काकू. पंधरा वर्षं बघायला नको."

मी आज चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. पंधरा मिळवा. म्हणजे मी एकोणनव्वद वर्षांची होईन तोपर्यंत रस्त्यावर गाडी चालवण्याचा कर सरकारने माझ्याकडून आजच घेतला. माझ्या आयुष्याविषयी एवढी खात्री माझ्या डॉक्टरांनाही नाही.

आता पैशाची बाजू बघा. १,०९,४५० भागिले पंधरा म्हणजे वर्षाला साधारण ७,२९७ रुपये. समजा मला दरवर्षी भरू दिले असते. पहिला हप्ता भरून माझ्याकडे १,०२,१५३ रुपये उरले असते. ते बँकेत सात टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाचे व्याज ७,१५१ रुपये. म्हणजे दुसऱ्या वर्षीचा हप्ता जवळजवळ नुसत्या व्याजातून निघाला असता, मुद्दल तसेच. पुढे अर्थात मुद्दलाला हात लागतो, कारण व्याजावरही कर असतो आणि दरही खाली-वर होतात, ते मान्य. पण एकरकमी घेतल्यामुळे हा सगळा फायदा सरकारकडे जातो, एवढे तरी मान्य करा. आणि जो कर्ज काढून गाडी घेतो तो तर हा करही कर्जानेच भरतो. म्हणजे पंधराव्या वर्षीच्या रस्त्याचे व्याज तो पहिल्या वर्षीपासून देतो.

हे सगळे मी आमच्या मेहुण्यांना ऐकवले. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, त्यामुळे सरकारची बाजू त्यांना पाठ असते. त्यांचे म्हणणे, पूर्वी वार्षिक कर होता तेव्हा लोक बुडवायचे, कार्यालयात रांगा लागायच्या, कारकुनांचा वेळ जायचा, एकरकमीने सगळे सुटसुटीत झाले. यात तथ्य आहे. त्या रांगा मलाही आठवतात, ह्यांच्या स्कूटरच्या कराला मी अर्धी सुट्टी टाकून उभी राहिलेली आहे. पण आज गाडीचा विमा नूतनीकरण मी घरी बसून मोबाईलवर करते. विजेचे बिल तसेच, घरपट्टी तसेच. दंडाची पावती तर न मागता मोबाईलवर येते! आणि मोठ्या मालट्रकांकडून वजनाप्रमाणे वार्षिक कर आजही घेतला जातोच की. मग यंत्रणा नाही हे कारण कसे चालेल?

बरे, वार्षिक कर खाजगी गाड्यांना अशक्य आहे असेही नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये बीएच मालिकेचे नंबर सुरू केले. त्यात कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो, आणि तोही जीएसटी वगळून किमतीवर, दहा लाखांच्या आत ८ टक्के या हिशोबाने. पण तो नंबर मिळतो कुणाला? सैन्यातले, केंद्र आणि राज्य सरकारचे नोकर, सरकारी उपक्रमांतले नोकर, आणि ज्या खाजगी कंपनीची चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये आहेत तिथले नोकर. कारण काय, तर त्यांच्या बदल्या होतात. सैनिकाला मिळावा, जरूर मिळावा. पण राज्य सरकारच्या ज्या नोकराची बदली उभ्या जन्मात राज्याबाहेर होणार नाही, तोही त्यात बसतो. आणि वडगावचा दुकानदार, द्राक्षबागायतदार, किंवा एकाच राज्यातल्या छोट्या कारखान्यात काम करणारा मुलगा, ज्याला उद्या पोटासाठी राज्य बदलावे लागेल, तो बसत नाही.

माझा पुतण्याच बघा. पुण्यात एका लहानशा कंपनीत होता. ९ लाखांची गाडी घेतली, ९९ हजार कर भरला. तिसऱ्या वर्षी नोकरी गेली, नवी मिळाली बंगळुरात. कायद्याने दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो. आधी बँकेचे पत्र, मग इथल्या आरटीओची एनओसी, मग तिकडे जाऊन गाडीच्या वयाप्रमाणे कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स, मग नवा नंबर. आणि हे सगळे झाल्यावर त्याचे पुरावे जोडून इथे परताव्याचा अर्ज. परतावा मिळतो, कायद्यात तरतूद आहे, नाही असे नाही. पण क्रम बघा, दुसरा कर आधी भरायचा, पहिल्याचे उरलेले पैसे नंतर मागायचे. त्याचा अर्ज एकदा मूळ पावतीसाठी परत आला, एकदा सही जुळत नाही म्हणून. दोन वेळा रजा काढून तो बसने आला. चौदा महिन्यांनी पैसे जमा झाले. "काकू, एवढ्यात दोन वर्षांचा कर भरून झाला असता," तो म्हणाला. कार्यालयाचे नाव लिहीत नाही, तिथल्या बाई बिचाऱ्या सौजन्याने बोलत होत्या असे तोच सांगतो.

मेहुण्यांचा शेवटचा बाण असा, की किमतीवर कर म्हणजे श्रीमंतावर जास्त कर, गरिबाच्या कैवाराने बोलणाऱ्या तुला तो खटकायला नको. मलाही आधी तसेच वाटले होते. पण या कराला वर एक झाकण आहे. एका गाडीवर जास्तीत जास्त किती कर घ्यायचा याची मर्यादा आधी २० लाख होती, १ जुलै २०२५ पासून ती ३० लाख केली. आता पाच कोटींची गाडी घ्या. १३ टक्क्यांनी ६५ लाख व्हायला हवेत, पण घेणार ३० लाख, म्हणजे ६ टक्के. आणि आमच्या कामवाल्या बाईंच्या मुलाने ९० हजारांची ११० सीसीची स्कूटर घेतली, तिला ११ टक्के, ९,९०० रुपये. त्याच्या स्कूटरला झाकण नाही. हे ऐकल्यावर मेहुणे चहा आणायला आत गेले.

आणि मुळात हा कर कशाचा? २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या बंद आवारातच चालणाऱ्या गाड्यांचा खटला होता. न्यायालयाने सांगितले, वाहन कर हा रस्ते वगैरे वापरण्याच्या मोबदल्याचा कर आहे, ज्या गाड्या सार्वजनिक रस्त्यावर वापरल्याच जात नाहीत त्यांच्यावर तो लावता येणार नाही. आंध्रच्या कायद्याबद्दलचा निकाल आहे, मला कळते. पण वापराचा मोबदला असेल, तर मागच्या कॅमेऱ्याने आणि चामड्याच्या सीटने रस्ता किती झिजतो? रस्ता झिजतो तो वजनाने. आणि गंमत म्हणजे साडेसात टनांपर्यंतच्या टेंपो-पिकअपना आपल्याकडे कर वजनावर होता, तोही २०२५ मध्ये काढून किमतीच्या सरसकट ७ टक्के केला. उलटीच चाल!

वार्षिक करानेही, कमी चालवणारी मी आणि रोज पुण्याला जाणारा शेजारी, दोघांना सारखाच कर पडेल, हे मला समजते. त्याची भरपाई पेट्रोलवरचा कर करतोच, तो जास्त जाळतो, जास्त भरतो. माझी मागणी एवढीच आहे. दोन-दोन वर्षांचा कर भरण्याची सोय सगळ्यांना द्या, वाटल्यास थोडा जास्त दर लावा. ज्याला एकदाच भरून मोकळे व्हायचे आहे त्याला तेही करू द्या, आणि पंधरा वर्षे तीच गाडी चालवणाऱ्या तरुणाला कदाचित तेच सोयीचे पडेल. पायरी ओलांडली तर वरच्या रकमेवरच वरचा दर लावा. आणि ते झाकण एक तर काढा, नाहीतर स्कूटरलाही लावा.

आमदारांना पत्र लिहिले आहे, हिशोबाचा कागद जोडून. गाडी गेल्या गुरुवारी आली. रंग पांढरा, हे म्हणतात धूळ दिसत नाही. पुतण्यांनो, भाच्यांनो, ज्यांनी गाड्या राज्याबाहेर नेल्या आहेत त्यांनी परतावा किती दिवसांत मिळाला ते खाली लिहा, पुढच्या पत्राला जोडीन.