चौकट काळी पडली, आता पत्र कसं लिहायचं?

चिखलीच्या किंवा मेहकरच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानातून जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा आणा. पत्रलेखनाच्या पानावर हमखास हेच दिसेल: 'खालील निवेदन वाचा', आणि खाली नुसता काळा डाग. जाहिरात गायब. उरतं काय, तर 'रोपांची मागणी करणारे पत्र लिहा' एवढी एक ओळ आणि तुम्हाला पाठ असलेला साचा. बहुतेक जण तो प्रश्न सोडून देतात. उरलेले दिनांक, प्रति, विषय, महोदय लिहून मध्ये 'कृपया रोपे लवकर पाठवावीत' असं घालून मोकळे होतात. दुसरी चूक जास्त वाईट, कारण पत्र लिहिल्यासारखं वाटतं.

खरं तर साच्यातली प्रत्येक रिकामी जागा हरवलेल्या चौकटीत काय होतं ते सांगते. 'प्रति'साठी तिथे रोपवाटिकेचं नाव-पत्ता असणार. मागणी आहे म्हणजे विक्री आहे, म्हणजे दर असणार, बहुधा सवलतही. मग वहीत आधी चार ओळींची चौकट स्वतःच आखा: क्ष रोपवाटिका, चिखली, प्रत्येक रोप २० रुपये, शाळा-महाविद्यालयांना १० टक्के सूट, घरपोच सेवा. पत्र त्यानंतर.

आता मधला परिच्छेद बघा. कडुनिंब २०, करंज २०, चिंच १०, एकूण ५० रोपं. किंमत १००० रुपये, सूट वजा जाता ९०० रुपये. वृक्षारोपण कोणत्या तारखेला, रोपं आदल्या दिवशी कुठे पोचवायची, बिल कोणाच्या नावे, पैसे कसे देणार. हे लिहिलं की पत्र आपोआप भरतं.

त्याच चौकटीवर विनंतीपत्र मागितलं तर? तिथे सूट आणि बिल येतच नाही. रोपं मोफत मागताय, तर ती कशासाठी, लावल्यावर उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, हे सांगावं लागतं. मागणी आणि विनंतीची खिचडी इथेच होते.

पत्र जमलं की नाही, कसं ओळखायचं? 'रोपे' खोडून 'पुस्तके' लिहा. तरीही पत्र तसंच चालत असेल, तर त्यात काहीच नव्हतं.

चित्र पाहून लिहायच्या प्रसंगाचंही असंच. चित्र गेलं असेल तर जागा, वेळ आणि तिथली दोन माणसं आधी ठरवा. लोणारच्या काठावरची सकाळ घेतली तरी चालेल, पण एकच सकाळ.

आणि हो, ही युक्ती सरावापुरती. प्रत्यक्ष पेपरात चौकट पुसट आली, तर अंदाज बांधत बसू नका. हात वर करून पर्यवेक्षकांना लगेच दाखवा आणि प्रत बदलून मागा. स्वतःचं खरं नाव मात्र पत्राखाली टाकू नका, अ. ब. क., विद्यार्थी प्रतिनिधी, एवढं पुरे.