दोष गुडघ्याचा, शिव्या फिजिक्सला

आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण या विषयावर हॉस्टेलमध्ये एवढी भांडणं झालीत की आता लिहूनच टाकते.

आमचा मिनी प्रोजेक्ट म्हणजे युनिटीमध्ये कबड्डीचा गेम. रेडर वाकून, गुडघे दुमडून सरपटत जातो, हे सगळं अॅनिमेशन. त्यात प्रत्येक हाडाचा कोन आधीच ठरलेला असतो. डिफेंडरने पकडलं की अॅनिमेशन बंद, आणि शरीर फिजिक्सच्या ताब्यात. म्हणजे प्रत्येक हाड आता एक सुटी वजनदार वस्तू, सांध्यांनी एकमेकांना बांधलेली, आणि खाली ओढायला गुरुत्वाकर्षण. यालाच रॅगडॉल म्हणतात, चिंध्यांची बाहुली. आमची बाहुली मात्र पडलीच नाही. पहिल्याच पकडीला एक पाय छताकडे, दुसरा कोर्टाबाहेर आणि धड स्क्रीनवरून गायब! अख्खी विंग हसली. डेमोला सहा दिवस उरले होते.

मग सल्ले सुरू. एक म्हणाला, ड्रॅग वाढव. वाढवला, तर रेडर मधात पडल्यासारखा हळूहळू खाली आला. सीनियर म्हणाला, सॉल्व्हर इटरेशन्स वाढव. मुळात 6 होती, 30 केली, तर पाय आणखी जोरात उडाला! माझं मत असं की हे दोन्ही उपाय म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणं. सॉल्व्हर बिचारा आपण दिलेले नियम पाळतो. आपण पहिल्या फ्रेमलाच त्याच्या हातात अशी पोझ देतो की जी त्याच्या नियमांत बसतच नाही. जास्त इटरेशन्स म्हणजे तेच अशक्य काम तो जास्त इमानदारीने करणार.

आमच्या गुडघ्याचंच बघा. युनिटीचा रॅगडॉल विझार्ड गुडघ्याला एक `CharacterJoint` लावतो आणि मर्यादा देतो -80 ते 0 अंश. शून्य म्हणजे पाय सरळ. आमचा रेडर ओणवा बसतो तेव्हा अॅनिमेशनमध्ये गुडघा 120 अंश दुमडलेला. अॅनिमेशनला मर्यादा लागू नसतात, त्यामुळे तोपर्यंत कुणाची तक्रार नाही. पण स्विच झाल्या क्षणी सांधा म्हणतो, तू 40 अंश बाहेर आहेस, आत ये. फिजिक्सची एक स्टेप 0.02 सेकंदाची. 40 अंश एका स्टेपमध्ये भरून काढायचे तर वेग झाला सेकंदाला 2000 अंश. गुडघ्यापासून घोटा 40 सेंटिमीटर धरला तर घोट्याचा वेग सेकंदाला साधारण 14 मीटर, म्हणजे ताशी 50 किलोमीटर! हा कागदावरचा हिशेब. इंजिन चूक थोडी वाटून घेतं, फिरण्याच्या वेगालाही स्वतःची कमाल मर्यादा लावतं. तरी तो झटका मांडीला, मांडीचा कमरेला, कमरेचा दुसऱ्या पायाला, असा सगळ्या शरीरात जातो.

यावर माझ्या पार्टनरने शोधलेला शॉर्टकट ऐका, कारण तो तुम्हालाही सुचेल. त्याने सांधे आधी लावलेच नाहीत, पकडीच्या क्षणी कोडमधून जोडले. स्फोट बंद! आम्ही चहा प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर रेडर आडवा पडला तरी पाय दुमडलेलेच, काही केल्या सरळ होईनात. झालं असं की सांधा ज्या पोझमध्ये तयार होतो तीच पोझ तो शून्य धरतो. म्हणजे आता 120 अंश हेच शून्य, आणि तिथून तो फक्त आणखी दुमडू शकतो, उलगडू शकत नाही. सांधे सरळ उभ्या पोझमध्येच, सुरुवातीलाच लावा आणि हाडं `isKinematic` ठेवून द्या.

आम्ही शेवटी मर्यादा -140 ते 5 केली. माणसाचा गुडघा साधारण एवढा दुमडतोच. पुढच्या बाजूचे 5 अंश अशासाठी की अॅनिमेशनमध्ये पाय कधीकधी किंचित उलटा ताणलेला असतो. नुसता आकडा वाढवण्याआधी आस बरोबर आहे का तेही बघा. ट्विस्टची आस गुडघ्याच्या बिजागरीशी जुळली नसेल, तर कितीही अंश द्या, पाय बगळ्यासारखा उलटाच मोडणार.

गुडघा सुधारला तरी थोडा स्फोट उरला. हा सांध्यांचा की टकरीचा, हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे हाडांच्या आपापसातल्या टकरी बंद करून एडिटरमध्ये एकेक स्टेप पुढे जाणं. तरीही उडालं तर सांधा, थांबलं तर हाडं एकमेकांत घुसलेली. आमचं थांबलं. जोडलेली दोन हाडं एकमेकांना धडकत नाहीत, पण ओणवं बसल्यावर पोटरी कमरेच्या बॉक्समध्ये घुसत होती, आणि त्या दोघांत थेट सांधा नाही. त्या जोडीसाठी `Physics.IgnoreCollision` लावलं. याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे चालण्यासाठी लावलेली मोठी कॅप्सूल आम्ही बंदच केली नव्हती. सगळी हाडं तिच्या पोटात, आणि इंजिन त्यांना बाहेर ढकलतंय. आता क्रम असा आहे:

```csharp
capsule.enabled = false;
animator.enabled = false;
foreach (var b in bones) {
    b.rb.isKinematic = false;
    b.rb.maxDepenetrationVelocity = 2f;
    b.rb.linearVelocity = (b.pos - b.prevPos) / dt;
}
```

मधली ओळ घुसलेल्या वस्तूंना बाहेर ढकलण्याचा वेग सेकंदाला 2 मीटरवर आणते, मूळ आकडा 10 असतो. डिफेंडरचे हात रेडरच्या कमरेत थोडे घुसणारच, तिथे हीच ओळ कामाला येते. शेवटची ओळ नसेल तर धावता रेडर पकडीच्या क्षणी जागच्या जागी थिजतो आणि पोत्यासारखा खाली पडतो. म्हणून आधीच्या फ्रेममधली प्रत्येक हाडाची जागा लक्षात ठेवून त्यावरून वेग द्यायचा, फिरण्याचा वेगही तसाच. `dt` मात्र त्याच दोन फ्रेममधला हवा. आणि त्या वेगाला वरची मर्यादा घाला, कारण त्या फ्रेमला अॅनिमेशनने अचानक उडी मारली असेल तर ती उडीसुद्धा वेग म्हणून मोजली जाते, आणि स्फोट मागच्या दाराने परत येतो.

गंमत म्हणजे हे शेवटचं दुखणं काही नवीन नाही. हिटमॅन: कोडनेम 47 हा गेम 2000 साली आला, आणि त्यातले पडणारे देह कसे केले हे टॉमस याकोबसेन यांनी 2001 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये मांडलं. त्यांच्या व्हर्ले पद्धतीत वेग वेगळा साठवतच नाहीत, आत्ताची जागा आणि मागची जागा एवढंच. तिथे अॅनिमेशनची मागची फ्रेम दिली की वेग आपोआप सोबत येतो. आम्ही सहा ओळी लिहून तेच केलं.

ड्रॅग आम्ही जवळजवळ शून्यावर परत आणला, इटरेशन्स 12 वर थांबवल्या. डेमोला एकच गोष्ट खटकली. तीन डिफेंडर तीन बाजूंनी ओढायला लागले की रेडरचा खांदा जरासा लांबतो. एक्स्टर्नल सर म्हणाले, कबड्डीत होतं असं.