आठ दिवसांचं पाणी आणि बाळाची बाटली

आमच्या गल्लीतलं सात महिन्यांचं एक पोरगं मार्चपासून जूनपर्यंत चार वेळा जुलाबाने आजारी पडलं. दर वेळी तेच. पाण्यासारखी शी, डोळे आत गेलेले, डॉक्टर, सलाईन, औषधाची बाटली, आठ-दहा दिवस बरं आणि परत जुलाब. चौथ्या वेळी आजी म्हणाली, "दात येतायत, त्याला काय करणार!" शेजारची म्हणाली, "आईचंच दुर्लक्ष आहे, कामावर जाते ना."

दोन्ही चूक. दात येताना पोरं सापडेल ते तोंडात घालतात हे खरं, पण जुलाब दातांमुळे होत नाहीत, तोंडात गेलेल्या घाणीमुळे होतात. आणि आईचं दुर्लक्ष म्हणाल, तर ती बाई पहाटे पाचला उठून, बाळाचं सगळं करून एमआयडीसीतली शिफ्ट गाठते. मी त्या घरात बसून विचारत गेलो, तेव्हा घोटाळा दोन ठिकाणी सापडला. एक दूध पाजायच्या बाटलीत, दुसरा खिमटाच्या पातेल्यात. आणि दोन्हींच्या मुळाशी आपल्या शहराचा नळ.

आपल्याकडचा पाण्याचा हिशेब इथे कोणाला सांगायला नको. नाथसागर तासाभराच्या अंतरावर, आणि नळाला पाणी कुठे पाच दिवसांनी, कुठे आठ दिवसांनी, उन्हाळ्यात काही वस्त्यांत त्याहून उशिरा. 1680 कोटींच्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर 2020 मध्ये झालं, आकडा पुढे 2740 कोटींवर गेला, आणि बायामाणसं अजून "आज पाणी येणार का?" हेच विचारतायत. रोज पाणी न येण्याचा तोटा फक्त टंचाईचा नसतो. नळाची लाईन रिकामी झाली की आतला दाब जातो, आणि फुटक्या जोडातून शेजारच्या गटारीचं पाणी आत शिरतं. नोव्हेंबर 2017 मध्ये छावणीत दूषित पाण्याने गॅस्ट्रोची साथ आली होती, दवाखाने भरून गेले होते, ते आठवत असेल. त्यात घरात आलेलं पाणी आठवडाभर ड्रममध्ये राहतं. त्यातलं क्लोरीन एक-दोन दिवसांत उडून जातं, आणि तांब्या घेऊन दिवसभर दहा हात त्यात बुडतात. मोठ्या माणसाला हे पाणी बहुतेक वेळा पचतं. सात महिन्यांच्या बाळाला पचत नाही.

आता बाटलीचं बघू. त्या घरात दोन बाटल्या होत्या. पाणी यायच्या दिवशी त्या उकळल्या जायच्या. मधले दिवस ड्रमच्या पाण्याने खळबळून, परत दूध भरून बाळाच्या तोंडात. मी बूच उघडून आटे बघितले, तर तिथे पिवळट थर. निपल उलटं केलं तर आत बुळबुळीत. दुधाची साय आणि साखर प्लास्टिकला चिकटते, त्या थरात जंतू घर करतात, आणि वरून कितीही पाणी ओतलं तरी ते निघत नाहीत.

बाटली खरी निर्जंतुक करायची तर पद्धत अशी आहे. दूध पिऊन झालं की लगेच, दूध वाळायच्या आत, बाटलीचे सगळे भाग सुटे करायचे. साबणाच्या गरम पाण्यात लांब ब्रशने आतून, आटे आणि निपल छोट्या ब्रशने, निपलच्या भोकातून पाणी दाबून काढायचं. मग स्वच्छ पाण्याने धुवायचं. त्यानंतर पातेल्यात सगळं पूर्ण बुडेल असं ठेवायचं, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, झाकण ठेवायचं आणि पाण्याला खळखळून उकळी आल्यावर दहा मिनिटं मोजायची. उकळीच्या आधीची मिनिटं धरायची नाहीत. नंतर झाकण तसंच ठेवायचं, आणि वापरायच्या वेळी साबणाने हात धुऊनच बाटली बाहेर काढायची. फडक्याने पुसली की केलेलं सगळं वाया. धुण्याचा भाग वगळून नुसतं उकळलं, तर दुधाचा थर शिजून आणखी घट्ट बसतो.

हे प्रत्येक पाजणीला. दिवसात पाच वेळा दूध म्हणजे पाच वेळा हे सगळं, किंवा पाच बाटल्या. धुवायला आणि उकळायला मिळून दर वेळी तीन-चार लिटर चांगलं पाणी, वर गॅस. ज्या घरात आठ दिवसांचं पाणी दोन ड्रममध्ये मावतं, त्या घराला "बाटली नीट उकळत जा" असं सांगून निघून जाणं म्हणजे सल्ला नाही, हात झटकणं आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आपल्या शहरात, या पाणीपुरवठ्यावर, बाटली घरात ठेवूच नये. वाटी-चमचा वापरावा. आपल्या आज्या बोंडल्याने दूध पाजायच्या, त्यात शहाणपण होतं. उघडं भांडं, आटे नाहीत, भोक नाही, कोपरा नाही, डोळ्यांना दिसतं की स्वच्छ आहे की नाही. आणि स्टीलची वाटी निर्जंतुक करायला वेगळं पाणीच लागत नाही. साबणाने घासलेली वाटी आणि चमचा सकाळच्या वरण-भाताच्या कुकरमध्ये वरच्या भांड्यात झाकून ठेवा. शिट्ट्या होईपर्यंत कुकरची वाफ त्यांचं काम करून टाकते. तीन वाट्या, तीन चमचे ठेवले की दुपारपर्यंतची सोय झाली. त्या बाईला हे पटायला पाच मिनिटं लागली. आजीला पटायला दोन दिवस, कारण बाटली तोंडात दिली की बाळ गप्प पडून राहतं आणि वाटी-चमच्याने मांडीवर घेऊन पाजावं लागतं. वेळ जातो, हे खरंय. पण सलाईन लावून दवाखान्यात बसण्यातही वेळ जातोच की.

दुसरा घोटाळा खिमटाचा. आई सकाळी सहाला खिमट शिजवून ठेवायची. आजी तेच नऊला, एकला आणि पाचला भरवायची. जिन्नस उत्तम होता, तांदूळ, मूगडाळ, वर तूप. पण साधा हिशेब करा. शिजल्यावर चमच्याने, हाताने, ड्रमच्या पाण्याने मिळून समजा फक्त शंभर जंतू पातेल्यात गेले. आपल्या उन्हाळ्यात ते अर्ध्या तासात सहज दुप्पट होतात. सहा तासांत बारा वेळा दुप्पट, म्हणजे शंभराचे चार लाख. वास येत नाही, चव बदलत नाही, पेज आंबतही नाही. आजी चाखून बघायची आणि म्हणायची, चांगलंय.

ही गोष्ट जगाला माहीत नाही असं नाही. 1970 च्या दशकात आफ्रिकेतल्या गांबिया देशात, केनेबा नावाच्या गावात, संशोधकांनी बाळांच्या पेजेतले जंतू मोजले होते. पेज जितका वेळ ठेवली तितके जंतू वाढलेले दिसले, आणि पावसाळ्यात, म्हणजे जेव्हा आया शेतावर जायच्या आणि पोरांना जुलाब जास्त व्हायचे, तेव्हा हा प्रकार सगळ्यात वाईट. गाव बदला, शेताच्या जागी शिफ्ट लिहा, गोष्ट आपलीच आहे.

परत गरम करून दिलं तर? खळखळून उकळलं तर बरेच जंतू मरतात, पण काहींनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. आणि घरोघरी होतं ते नुसतं कोमट करणं, त्याने तर जंतूंना ऊबच मिळते.

उपाय एकच, एका वेळचं एका वेळी. त्यासाठी कोरडी भरड करून ठेवायची. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, धुऊन, कापडावर खडखडीत वाळवून, मंद आचेवर खमंग भाजून मिक्सरमधून जाडसर काढायची आणि कोरड्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवायची. पाणी नाही तिथे जंतू वाढत नाहीत, म्हणून भरड पंधरा दिवस सहज टिकते. बाळाच्या वेळेला दोन चमचे भरड वाटीभर पाण्यात ढवळत सात-आठ मिनिटं शिजवायची, तूप घालायचं, कोमट झालं की भरवायचं. उरलं तर मोठ्यांनी खायचं, बाळाला परत नाही. पाणी उकळलं जातंच, त्यामुळे ड्रमच्या पाण्याचा प्रश्नही तिथेच सुटतो. मात्र शिजल्यावर वरून कच्चं पाणी घालून पातळ करू नका. जारचं पाणीही नाही. जारचं पाणी थंड असतं, म्हणून ते निर्जंतुक असतं असं नाही.

आणि हात. शिजवण्याआधी, भरवण्याआधी आणि बाळाची शी काढल्यावर साबणाने. भोक पाडलेल्या बाटलीतून बारीक धार सोडली तर एका वेळेला पेलाभर पाणी पुरतं.

एवढ्याने सगळे जुलाब थांबतील असं मी म्हणत नाही. रोटाव्हायरस स्वच्छ घरातही येतो, त्यासाठी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे मोफत डोस चुकवू नका. जुलाब झालेच तर अंगावरचं दूध आणि खाणं बंद करू नका, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसचं एक अख्खं पाकीट घालून थोडं थोडं पाजा, झिंक चौदा दिवस डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पूर्ण द्या. बाळ सुस्त झालं, दूध ओढेना, लघवी बंद झाली किंवा शीत रक्त दिसलं तर घरी थांबू नका.

आता मनपाला. साथ आली की "पाणी उकळून प्या" असं पत्रक काढून तुमची जबाबदारी संपत नाही. पहिलं, प्रत्येक वस्तीचं पाण्याचं वेळापत्रक आठवडाभर आधी जाहीर करा आणि पाळा. कुठल्या दिवशी पाणी येणार हे कळलं तर बाई घराचं नियोजन करेल. दुसरं, नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरीन किती निघालं ते वस्तीनिहाय लोकांसमोर ठेवा. तिसरं, अंगणवाडीत उष्टावणाच्या वयाच्या बाळांच्या आयांना आणि आज्यांना बोलावून कुकरमधली वाटी आणि भरडीचं खिमट प्रत्यक्ष करून दाखवा. आज्यांना विसरू नका, दिवसभर बाळ त्यांच्याकडेच असतं. आणि चौथं, दूध पाजायच्या बाटलीची जाहिरात करायला या देशात 1992 च्या कायद्याने बंदी आहे. तो कायदा फाईलमध्ये ठेवायला केलेला नाही.

त्या पोराला वाटी-चमच्यावर येऊन आता तीन महिने झाले. मधला पावसाळा गेला. एकदा सर्दी झाली, जुलाब नाहीत. एका पोरावरून सिद्धांत मांडता येत नाही, मान्य. पण त्या घराचा नळ बदलला नव्हता, पाणी आठ दिवसांनीच येत होतं. बदलली होती फक्त बाटली आणि सकाळचं पातेलं. घराने आपल्या हातातलं केलं. नळ मनपाच्या हातात आहे.