पाणी न येण्याचे तीन अर्थ

शेतातील पंपाला दोनच अवस्था असतात, चालू आणि बंद, असे मानण्याचा प्रघात आहे. वीज येताच मोटार सुरू करणारी साधी स्वयंचलित कळ याच समजुतीवर उभी आहे. ही समजूत अपुरी आहे. ‘नळीतून पाणी येत नाही’ या एकाच खुणेचा अर्थ पंपाच्या प्रत्येक अवस्थेत निराळा होतो, आणि दोनच अवस्था जाणणाऱ्या कळीला तो उमगत नाही.

म्हणून नियंत्रक हे एक अवस्थायंत्र आहे असे समजून त्याची रचना करावी. अशा यंत्राला एका वेळी एकच अवस्था असते. तीतून बाहेर पडण्याच्या वाटा आधीच ठरलेल्या असतात आणि थांबण्याची मुदतही नेमलेली असते. पंपापुरत्या चार अवस्था पुरेत : विश्राम, प्रारंभ, सिंचन आणि दोष.

एका कूपनलिकेचे उदाहरण घेऊ. पंप ६० मीटर खोल असून नळीचा आतील व्यास ५० मिलिमीटर आहे. ती रिकामी असेल तर भरण्यास सुमारे १२० लिटर पाणी लागते. पंप सेकंदाला २ लिटर पाणी देत असेल, तर पाणी तोंडाशी येण्यास एक मिनिट जाईल. तेवढा वेळ पाणी न दिसणे स्वाभाविकच होय. म्हणून प्रारंभाची मुदत ९० सेकंद ठेवावी. तेवढ्यात प्रवाह दिसला तर सिंचन सुरू झाले असे मानावे. न दिसल्यास मोटार थांबवून दोषावस्थेत जावे.

सिंचनात मात्र प्रवाह १० सेकंद खंडित होणे हाच दोष होय. त्याच वेळी मोटारीचा विद्युत्प्रवाह नेहमीपेक्षा पुष्कळ घटला असेल, तर पंपाला पाणी मिळत नाही असे समजावे. प्रवाह दाखविणारे साधन अडकून बसण्याचाही संभव असल्यामुळे सिंचनालाही कमाल मुदत हवी.

विश्रामात पाणी न येणे हेच योग्य. तेथे प्रवाह दिसला, तर एक तर ते साधन अडकले आहे, किंवा स्टार्टरचे संपर्क एकमेकांस चिकटून मोटार चालूच राहिली आहे. दुसऱ्या प्रकारात नियंत्रकाची आज्ञा मोटारीपर्यंत पोहोचत नाही. त्याने घंटा वाजवावी आणि मुख्य कळ माणसाने बंद करावी.

खरा मतभेद दोषावस्थेतून बाहेर पडण्याविषयी आहे. वीज परत येताच सर्व काही पूर्ववत सुरू व्हावे, ही मागणी रात्री वीज मिळणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने समजण्याजोगी आहे. तथापि सर्व दोषांना एकच वाट देणे घातक ठरते. कूपनलिकेत पाणी पुन्हा साठते. म्हणून कोरड्या पंपाने अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करावा, पण तीन वेळांहून अधिक नव्हे. तीन फेजांपैकी एक तुटल्यामुळे मोटार थांबली असेल, तर पुरवठा तपासून माणसाने कळ दाबेपर्यंत ती सुरू होता कामा नये. ही नोंद वीज गेल्यानंतरही टिकली पाहिजे. अन्यथा वीज परत येताच नियंत्रक दोष विसरेल आणि मोटार जळेल.