दुकानदाराने पैसे का द्यावेत?



दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या इंदुरात महाविद्यालयांच्या विभागीय महोत्सवांचे वारे वाहू लागतात. आपल्या शाळेतून बारावी होऊन गेलेली मुले-मुली तेव्हा प्रायोजक शोधत बाजारात हिंडतात आणि सर्वांत आधी आपल्याच पालकांच्या व विश्वस्तांच्या दुकानांत जातात. त्यांच्या हातात, म्हणजे मोबाईलमध्ये, वीस-बावीस स्लाइडचे एक प्रेझेंटेशन असते. अशी काही प्रेझेंटेशने या मुलांनी मला आपणहून दाखवली. त्यांची मेहनत दिसते, परंतु ज्याच्यासाठी ती केली तो दुकानदार त्यात कुठेच दिसत नाही.

पहिल्या आठ स्लाइड महाविद्यालयाचा इतिहास, इमारत आणि प्राचार्यांचा संदेश यांत जातात. पुढे स्पर्धांची नावे आणि मागच्या वर्षीच्या नाचाचे फोटो. शेवटी गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ अशी तीन पॅकेजे, आणि प्रत्येकात ‘बॅनरवर लोगो’. खजुरी बाजारातला कागदाचा व्यापारी गिऱ्हाईक समोर असताना एवढे बघत नाही. तो एकच विचारतो, “किती द्यायचे?” आणि कटकट नको म्हणून पाचशे रुपये काढून देतो. ही वर्गणी झाली, प्रायोजकत्व नव्हे. दोन-तीन वर्षे असे झाले की तो पुढच्या मुलांना लांबूनच हात जोडतो. आपल्या शाळेच्या स्मरणिकेला जाहिरात देणारा माणूसही तोच आहे, हे विश्वस्तांनी लक्षात घ्यावे.

माझे मत असे की प्रस्ताव सहा पानांचा असावा आणि प्रत्येक पान दुकानदाराच्या एका प्रश्नाचे उत्तर असावे. कार्यक्रम काय, कधी व कुठे? कोण येणार? मला काय मिळणार? किती द्यायचे? एकूण खर्च किती व कशावर? पैसे कोणाच्या नावाने द्यायचे आणि जबाबदार कोण? अक्षर मोबाईलवर न ताणता वाचता यावे आणि एक छापील प्रत हातात असावी, कारण गल्ल्यावर ठेवलेला कागद संध्याकाळी घरच्यांनाही दाखवता येतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वाणिज्य विभागाचा दोन दिवसांचा महोत्सव आहे. खर्च १,२०,००० रुपये. विभाग ३०,००० देतो. ४०० विद्यार्थ्यांकडून प्रत्येकी ६० रुपये प्रवेश शुल्क घेतले तर २४,००० येतात. उरले ६६,०००. एक मुख्य प्रायोजक २५,००० चा, दोन सहप्रायोजक १०,००० चे आणि सात दुकानदार प्रत्येकी ३,००० चे, असे मिळून हे ६६,००० भरून निघतात. हा हिशेब प्रस्तावात उघड मांडावा. आपले ३,००० कोणत्या खड्ड्यात पडणार हे दिसले की व्यापाऱ्याची अर्धी शंका फिटते.

आता दुकानदाराच्या बाजूने पाहू. समजा, नाश्त्याच्या दुकानाला कूपनवर आलेल्या एका गिऱ्हाईकामागे सवलत जाऊन २५ रुपये सुटतात. त्याचे ३,००० वसूल व्हायला १२० मुले यायला हवीत, म्हणजे ४०० मध्ये दर दहांतली तीन. एवढ्याची हमी कोणी देऊ नये. झेरॉक्स व बाइंडिंगवाल्याला एका प्रोजेक्टमागे ६० रुपये सुटत असतील तर ५० मुले पुरतात, आणि प्रोजेक्ट तर सगळ्यांनाच करायचे असतात. भंवरकुआँच्या एखाद्या कोचिंग क्लासला एकच प्रवेश मिळाला तरी रक्कम वसूल. म्हणजे तेच ४०० विद्यार्थी तिघांसाठी तीन वेगळ्या किमतीचे आहेत. गोल्ड-सिल्व्हरची एकच पट्टी सगळ्यांना लावणे इथेच चुकते.

मग नाश्तेवाल्याकडे जाऊच नये का? जावे, पण रोख मागू नये. ३० रुपयांची प्लेट त्याला २० रुपयांत पडते असे धरले, तर कार्यकर्त्यांसाठी १५० प्लेट पोहे द्यायला त्याचे ३,००० लागतील आणि आपल्या खर्चातले ४,५०० वाचतील. शिवाय १५० जणांच्या तोंडी त्याची चव लागेल, जी बॅनरवर लागत नाही. असा वस्तुरूप सहभाग प्रस्तावात वेगळा मांडावा.

दुसरी गोष्ट आकड्यांची. सभागृहात ३५० खुर्च्या असताना ‘पाच हजार विद्यार्थ्यांपर्यंत पोहोच’ लिहिलेले मी पाहिले आहे. व्यापारी त्या सभागृहात लग्नाला जाऊन आलेला असतो, त्याला खुर्च्या ठाऊक असतात. मागच्या वर्षीच्या नोंदवहीतली खरी संख्या लिहावी. त्यांतले किती स्थानिक, किती वसतिगृहातले, हेही सांगावे, कारण खानावळवाल्याला वसतिगृहातला मुलगा हवा असतो. आणि एका धंद्याचा एकच प्रायोजक घ्यावा. दोन क्लासेसचे फलक एकाच मंचावर लागले तर दोघेही नाराज होतात.

तिसरी गोष्ट पैशांच्या वाटेची. रक्कम महाविद्यालयाच्या खात्यात यावी, कोण्या विद्यार्थ्याच्या मोबाईल क्रमांकावर नव्हे. सोबत प्राचार्यांच्या सहीचे परवानगीपत्र आणि रीतसर पावती असावी. व्यापारी ही रक्कम जाहिरात खर्च म्हणून वहीत दाखवतो, आणि एका दिवसात एकाच पक्षाला दहा हजारांहून जास्त रोख दिली तर आयकरात तो खर्च सामान्यतः मान्य होत नाही. म्हणून मुख्य प्रायोजकाने चेक किंवा बँकेमार्फतच द्यावे. जीएसटीचा प्रश्न निघाला तर मुलांनी अंदाजाने उत्तर देऊ नये, महाविद्यालयाच्या लेखापालाला विचारून लेखी कळवावे.

काही ज्येष्ठ म्हणतात, “आपलीच मुले आहेत, द्यावे चार पैसे, हिशेब कसला मांडता?” या भावनेचा मला आदर आहे. पण मग त्याला देणगी म्हणावे, देणगीची पावती द्यावी आणि बदल्यात काही कबूल करू नये. प्रायोजकत्व म्हटले की ते देणे-घेणे झाले, आणि देण्याची बाजू मुलांनी पाळलीच पाहिजे. दुकानाचे नाव चुकीचे छापणे, व्हॉट्सअॅपवरून उचललेला अंधुक लोगो फ्लेक्सवर ताणणे, कूपन वाटायचे विसरणे, या चुका त्या दिवशी किरकोळ वाटतात, पण दुकानदार त्या वर्षभर विसरत नाही. म्हणून नाव व लोगोचा छापील नमुना त्याला दाखवून त्याची सही घ्यावी आणि मगच छपाईला द्यावे.

महोत्सव संपल्यावर आठ दिवसांत एका कागदावर अहवाल नेऊन द्यावा: किती मुले आली, फलक कुठे लागला त्याचा फोटो, किती कूपने वाटली. किती कूपने परत आली ते दुकानदारालाच विचारून त्याच्यासमोर लिहावे. आकडा बारा निघाला तर बाराच लिहावा. पुढच्या वर्षी त्याच्याकडून रक्कम कमी मागावी लागेल, पण दार उघडे राहील.

पालकांना आणि विश्वस्तांना माझी विनंती आहे की यंदा आपल्या दुकानी अशी मुले आली तर पाचशेची नोट देऊन त्यांची बोळवण करू नका. दुपारच्या निवांत वेळी बोलवा, समोर बसवा आणि विचारा, “माझ्या दुकानात यातून किती गिऱ्हाईक येईल?” उत्तर नसेल तर ते शोधून आणायला चार दिवस द्या. जो मुलगा उत्तर घेऊन परत येईल, त्याच्याशी खुशाल व्यवहार करा.

आपला,
मुख्याध्यापक