‘आहेत’, ‘असावेत’ आणि ‘असतीलही’

संशोधनपर लेखातील परिच्छेद गावच्या वार्तापत्रासाठी सुबोध करावयाचा म्हणजे अवघड शब्दांच्या जागी सोपे शब्द ठेवावयाचे, अशी समजूत आपल्या विभागांतून रूढ आहे. माझ्या मते या कामातील खरी अडचण नामांची नसून क्रियापदांची आहे. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे परंपरेने संत जनाबाईंचे जन्मस्थान मानले जाते. तेथील वाचकासाठी जनाबाईंविषयीचा परिच्छेद उतरवून पाहिला, की हे ध्यानात येते.

उदाहरणादाखल विद्यापीठीय धाटणीचा एक परिच्छेद रचून घेऊ : “जनाबाईंच्या नावे उपलब्ध असलेली रचना प्रामुख्याने नामदेवगाथेच्या परंपरेतून संक्रमित झालेली असून, तिची समकालीन हस्तलिखिते अनुपलब्ध असल्याने केवळ नाममुद्रेच्या आधारे कर्तृत्वनिश्चिती करणे पद्धतिशास्त्रीय दृष्ट्या सदोष ठरते, सबब यांतील काही रचना उत्तरकालीन अनामिकांच्या असण्याची शक्यता नाकारता येत नाही.”

घाईने केलेला सारांश बहुधा असा होतो : “जनाबाईंचे बरेच अभंग त्यांचे नसून नंतरच्या लोकांनी रचले आहेत, असे संशोधनाने सिद्ध झाले आहे.” भाषा सोपी झाली, पण विधान बदलले. ‘काही’चे ‘बरेच’ झाले, ‘शक्यते’चे ‘सिद्ध’ झाले आणि ज्या कारणावर सारा युक्तिवाद उभा होता ते कारणच गळाले. पहाटे हेच अभंग म्हणणाऱ्या बाईच्या हाती हे वाक्य पडले, तर आपल्या जनीला कोणी खोटे ठरविले एवढेच तिला कळेल. तिचा रोष अनाठायी म्हणता येणार नाही, कारण मूळ अभ्यासकाने तसे म्हटलेलेच नव्हते.

येथे मराठीचे क्रियारूप आपल्या साहाय्याला येते. ‘आहेत’ म्हणजे ठाऊक आहे. ‘असावेत’ म्हणजे खुणांवरून तसा तर्क होतो. ‘असतीलही’ म्हणजे तसे नसेलच असे म्हणता येत नाही. हा भेद शाळेत न गेलेला माणूसही बोलताना अचूक पाळतो. ‘शक्यता नाकारता येत नाही’ याचे नेमके बोलीरूप ‘असतीलही’ हेच होय. ‘असावेत’ लिहिले तरी आपण पुराव्याच्या एक पायरी पुढे जातो. ऐकीव माहितीसाठी बोलीत ‘म्हणे’ आहे. परंतु त्याला अविश्वासाची छटा असल्याने जन्मस्थानाच्या संदर्भात ते उपहासासारखे लागेल. तेथे ‘पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत’ हेच योग्य.

त्यानुसार उतारा असा होईल : “जनाबाईंचे अभंग आपल्यापर्यंत मुख्यतः नामदेवांच्या गाथेतून आले. जनाबाईंच्या काळात लिहिलेली त्यांची पोथी आज मिळत नाही. अभंगाच्या शेवटी जनीचे नाव येते. पण पुढे कोणी भक्तीने रचलेल्या अभंगातही तेच नाव घातले असेल. म्हणून यांतले काही अभंग नंतरचे असतीलही. नुसत्या नावावरून ते ठरवता येत नाही.”

हा उतारा मूळ परिच्छेदाहून लांब झाला आहे, आणि त्यात वावगे काही नाही. एका वाक्यात कोंबलेली कारणे सुटी केली की जागा लागतेच. ‘अभंग’ आणि ‘गाथा’ हे शब्द मी बदलले नाहीत. ते वारकऱ्यांचेच आहेत. ‘पद्धतिशास्त्रीय’ मात्र वगळला, कारण ‘नुसत्या नावावरून’ एवढ्यात त्याचा आशय आला. जागा असल्यास एक दाखला जोडावा : सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांच्या रचना नामदेवगाथेत मिसळल्या आहेत. सारखे नाव काय घोटाळा करते, हे यावरून वाचकाला दिसते आणि जनाबाईंवर आक्षेप घेतल्यासारखेही वाटत नाही.

उतारा साधला की नाही, हे पाहण्याची रीत साधी आहे. वार्तापत्र एकजण वाचतो व चारजण ऐकतात. म्हणून तो एकदा मोठ्याने वाचावा आणि ऐकणाऱ्याला आपल्या शब्दांत सांगावयास लावावे. त्याच्या सांगण्यात ‘काही’ आणि ‘असतीलही’ परत आले, तर उतारा उतरला. ‘अभंग जनीचे नाहीत म्हणतात’ असे परत आले, तर दोष ऐकणाऱ्याचा नव्हे.

आणखी एक गोष्ट संभवते. ऐकणारा विचारील, “काही म्हणजे किती? कोणते?” आपल्या परिच्छेदात याचे उत्तर नाही, ‘शक्यता नाकारता येत नाही’ या भारदस्त शब्दयोजनेआड ती उणीव झाकलेली होती. सुबोध उताऱ्याने ती उघडी पाडली. तेव्हा हा प्रश्न वार्तापत्रापाशी न थांबविता अभ्यासकाने पुन्हा आपल्या मेजावर आणावा, आणि निबंध छापण्यापूर्वी त्याचे उत्तर शोधावे.